मागचे दृश्य बदलताना गाडी जशीच्या तशी कशी राखावी?

प्रश्न: घोडबंदर रोडला आमचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. फोटो आवारातच काढतो, त्यामुळे मागे टपरी, होर्डिंग आणि इतर गाड्या येतात. एआयने मागचं दृश्य बदललं की फोटो देखणा होतो, पण डिकीवरची व्हेरियंटची अक्षरं बिघडतात, लाल रंग केशरट दिसतो आणि अलॉयच्या काड्याही वेगळ्या होतात. ‘गाडी जशीच्या तशी ठेव’ असं लिहूनही हेच होतं. यावर खात्रीचा उपाय काय?

उत्तर:

खात्रीचा उपाय एकच आहे. एआयने परत दिलेल्या चित्रातली गाडी अंतिम फोटोत वापरायचीच नाही. त्याच्याकडून फक्त मागचे दृश्य घ्यायचे आणि गाडी मूळ फोटोतून उचलून, एकही पिक्सेल न बदलता, त्या दृश्यावर ठेवायची. पुढचे सारे विवेचन हे काम नीट कसे करावे याविषयी आहे, कारण नुसती गाडी कापून चिकटवली तर रंग आणि अक्षरे शाबूत राहतात, परंतु गाडी हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि ग्राहकाचा फोटोवरचा विश्वास उडतो.

लेखी सूचनेने काम का भागत नाही, हे आधी समजून घ्यावे. चित्र तयार करणारी बहुतेक डिफ्यूजन मॉडेल्स आपला फोटो थेट पिक्सेलच्या रूपात हाताळत नाहीत. ती प्रथम त्याचे एक आक्रसलेले संक्षिप्त रूप करतात, त्यात फेरफार करतात आणि मग त्यावरून संपूर्ण चित्र नव्याने उलगडतात. प्रचलित रचनेत हे आक्रसणे दोन्ही दिशांना आठपट असते, म्हणजे मूळच्या आठ बाय आठ पिक्सेलच्या जागी संक्षिप्त रूपात एकच चौकट उरते. आता आपल्या फोटोचा हिशेब मांडू. फोनचा फोटो 4032 बाय 3024 पिक्सेलचा आहे आणि मागून तिरक्या कोनातून घेतलेल्या या फोटोत डिकीवरची ‘व्हीएक्सआय’ ही अक्षरे सुमारे 80 पिक्सेल रुंद आहेत, असे धरू. साधनाने फोटो 1024 पिक्सेल रुंदीवर आणला की ती अक्षरे जेमतेम 20 पिक्सेलची होतात आणि संक्षिप्त रूपात त्यांच्या वाट्याला अडीच चौकटी येतात. अडीच चौकटींत तीन अक्षरांची वळणे मावत नाहीत. मॉडेलला एवढेच कळते की इथे काहीतरी चकचकीत, अक्षरांसारखे आहे, आणि ते तसे काहीतरी काढून देते. अलॉयच्या काड्या, जाळीच्या पट्ट्या, दिव्याच्या आतली नक्षी आणि दोन पत्र्यांमधली बारीक फट यांचेही असेच होते. अलीकडच्या मॉडेलांत प्रत्येक चौकटीत अधिक माहिती साठवली जाते, त्यामुळे मोठी अक्षरे बऱ्यापैकी टिकतात, पण चित्र नव्याने उलगडण्याची पायरी तिथेही असतेच. म्हणून ‘जशीच्या तशी’ या शब्दांना तिथे अर्थ राहत नाही. मास्क लावून ‘एवढा भाग सोडून दे’ असे सांगितले, तरीही पुष्कळ साधने सोडलेला भागसुद्धा या आक्रसण्या-उलगडण्यातून जाऊ देतात. शेजारी ठेवून पाहिले तर बॅजच्या कडा किंचित विरघळलेल्या दिसतात.

तेव्हा पहिले काम मास्कचे. मास्क म्हणजे फोटोच्याच मापाचे एक काळे-पांढरे चित्र, ज्यात राखायचा भाग पांढरा आणि बदलायचा भाग काळा असतो. साधनागणिक हा अर्थ उलटा असू शकतो, पुष्कळ ठिकाणी पांढरा म्हणजे बदलायचा भाग, एवढे सुरुवातीला तपासून घ्यावे. आपोआप निवड करणारी साधने गाडीचा मोठा आकार चांगला पकडतात, मात्र छतावरची अँटेना, बाहेरचे आरसे, स्पॉयलरखालची फट, वायपरचे टोक आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा या ठिकाणी ती हमखास चुकतात. तेथे पडद्यावर फोटो दुप्पट मोठा करून पाहत पेन टूलने कड हाताने काढावी. गाडीची कड ही कारखान्यात दाबलेल्या पत्र्याची सलग रेषा असते, त्यामुळे ती ब्रशने रंगवू नये. पेन टूलच्या वळणांनी काढावी, म्हणजे छताची कमान थरथरत नाही. कड एखादा पिक्सेल आत घ्यावी आणि अर्धा ते एक पिक्सेल मऊ ठेवावी. कड नेमकी सीमेवर ठेवली तर जुन्या दृश्याचा रंग बारीक किनारीसारखा सोबत येतो, आणि लाल गाडीच्या छताभोवती निळ्या ताडपत्रीची किनार राहिली तर ती लगेच डोळ्यांत भरते.

यापुढचा माझा सल्ला थोडा वेगळा वाटेल, पण माझ्या कामात सर्वांत जास्त फरक याच गोष्टीने पडला आहे. मास्कमध्ये गाडीबरोबर तिच्याखालची जमीनही राखावी. गाडीच्या तळाची काळोखी, टायरजवळची दाट सावली, बंपरखाली पसरलेला फिकट लाल उजेड हे सारे जमिनीवरच असते आणि कॅमेऱ्याने ते अचूक टिपलेले असते. ते फेकून देऊन पुन्हा तयार करणे हे या कामातले सर्वांत कठीण आणि सर्वांत अनावश्यक काम आहे. आपल्या आवारात पेव्हर ब्लॉक असतील, तर ते स्वच्छ धुवून घ्या आणि तसेच राहू द्या. गाडीसमोरचे सर्व ब्लॉक आणि तिच्या मागचे दोन-तीन हात ब्लॉक राखून त्यापलीकडचे दृश्य बदला. टपरी, होर्डिंग आणि इतर गाड्या जमिनीवर नसून तिच्या पलीकडे असतात, त्यामुळे आपली मूळ अडचण एवढ्याने सुटते. जमीन बदलणे अपरिहार्यच असेल, तर मूळ जमिनीचा थर रंगहीन करून, त्यातली सावलीबाहेरची जागा पूर्ण पांढरी होईपर्यंत उजळून, खालचे चित्र फक्त गडद करणाऱ्या मल्टिप्लाय पद्धतीने नव्या जमिनीवर ठेवावा. मग फक्त सावली उरते. मात्र पेव्हर ब्लॉकच्या सांधेरेषाही त्या सावलीसोबत नव्या डांबरावर उमटतात. त्या घालवण्यासाठी टायरच्या टेकणीची जागा सोडून उरलेली सावली थोडी धूसर करावी लागते.

आता दृश्य तयार करण्याविषयी. गाडी जागेवर ठेवून फक्त भोवतालचा भाग भरायला सांगितले, तर एक विशिष्ट दोष उद्भवतो. मॉडेल गाडीच्या कडेपासून पुढे भरताना गाडीच वाढवते. छताच्या वर आणखी एक स्पॉयलर येतो, बंपर वीतभर लांबतो किंवा बाजूला अर्धा आरसा उगवतो. नंतर मूळ गाडी वर ठेवली तरी हा वाढीव भाग तिच्या बाहेर डोकावत राहतो आणि गाडीचा आकार बदलल्यासारखा दिसतो. हे ओळखण्यासाठी मूळ गाडीचा थर क्षणभर बंद करावा आणि खालच्या चित्रात मास्कच्या बाहेर लाल रंग किंवा काचेचा तुकडा आहे का ते पाहावे. टाळण्याचा मार्ग असा की आधी गाडी पूर्णपणे पुसून रिकाम्या आवाराचे चित्र करून घ्यावे, त्यासाठी पुसण्याचा मास्क गाडीपेक्षा चांगला हातभर मोठा ठेवावा आणि सावलीही त्यात घ्यावी. या रिकाम्या चित्रात मागचे दृश्य बदलून घ्यावे. समोर गाडीच नसल्यामुळे मॉडेलला ती वाढवण्याचे कारण उरत नाही. पुसलेल्या जागेतली जमीन कशी भरली गेली याची चिंता नको, कारण तिथे शेवटी मूळ जमीन आणि मूळ गाडी परत येणारच आहे.

सूचना लिहिताना गाडीचा उल्लेखही करू नये. ‘गाड्या नकोत’ असे लिहिले तरी काही मॉडेल्स ‘गाड्या’ हा शब्द उचलून गाड्या काढतात, म्हणून जे हवे तेवढेच लिहावे. आपल्या भागाला शोभेल असे दृश्य मी साधारण असे मागतो:

```
empty paved yard, plain low compound wall, green hills
in the distance, overcast monsoon morning, soft even light,
eye-level view
```

येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगरांसारखी हिरवी, फारशी तपशील नसलेली पार्श्वभूमी इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात मॉडेलला चुका करायला जागा कमी असते. खिडक्यांच्या रांगा, पाट्या, पथदिवे आणि विजेच्या तारा मागवल्या की त्या वाकड्या येतात. त्याहून उत्तम म्हणजे अशी दोन-चार रिकामी दृश्ये स्वतःच फोनवर टिपून ठेवावीत. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी नवी मुंबईच्या रुंद रस्त्यांकडेला किंवा घोडबंदरच्या डोंगराकडच्या बाजूला असे फोटो सहज मिळतात, आणि खऱ्या फोटोची बारीक पोत तयार केलेल्या चित्रात येत नाही. 1024 पिक्सेलचे चित्र ताणून चौपट केले की ते मऊ पडते. दूरच्या डोंगराला तो मऊपणा शोभतो, पण गाडीजवळच्या भिंतीला शोभत नाही.

दृश्य कोणतेही घ्या, त्यातली क्षितिजरेषा मूळ फोटोशी जुळलीच पाहिजे. नियम सोपा आहे: सपाट जमिनीवर, कॅमेऱ्याच्या उंचीइतक्या उंचीवर असलेली प्रत्येक वस्तू फोटोत क्षितिजरेषेवर येते. आपल्या लाल हॅचबॅकचे उदाहरण घेऊ. अशा गाडीची उंची साधारण दीड मीटर असते. फोटोत मागच्या टायरचा तळ वरून 2350 व्या पिक्सेलवर आहे आणि छताची मागची कड 1150 व्या पिक्सेलवर आहे, म्हणजे दीड मीटरला 1200 पिक्सेल, अर्थात मीटरला 800. फोन छातीशी, 1.35 मीटर उंचीवर धरलेला असेल, तर क्षितिज टायरच्या तळापासून 1080 पिक्सेल वर, म्हणजे वरून 1270 व्या पिक्सेलवर येते. ती रेषा गाडीच्या मागच्या काचेच्या वरच्या भागातून जाते आणि छत तिच्या थोडे वर राहते. टायर आणि छत नेमके एका अंतरावर नसल्याने हा हिशेब काटेकोर नाही, परंतु कामापुरता पुरेसा आहे. नव्या दृश्यातही डोंगराचा पायथा आणि जमिनीचा शेवट याच्या आसपास हवा. फोटोची उंची 3024 पिक्सेल असल्याने ते ठिकाण वरून सुमारे 42 टक्क्यांवर आहे. बाजारात मिळणाऱ्या किंवा एआयने दिलेल्या चित्रांत क्षितिज पुष्कळदा खाली, तिसऱ्या हिश्शावर असते. त्यावर ही गाडी ठेवली की ती उतारावरून घसरत असल्यासारखी किंवा खेळण्याएवढी लहान वाटते, आणि पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. अशा वेळी दृश्याचा थर वर-खाली सरकवावा, गाडी वाकवू किंवा ताणू नये. गाडी उंचीत दोन टक्के ताणली तरी चाके गोल राहत नाहीत.

प्रकाशाबाबतही तोच क्रम पाळावा: गाडीवर जो प्रकाश पडला आहे त्याला साजेसे दृश्य निवडावे. पाम बीच रोडवरची मावळतीची किरणे पुष्कळांना हवी असतात, पण आपला फोटो ढगाळ आकाशाखाली घेतलेला असेल तर गाडीच्या पत्र्यावर तशी किरणे कुठेच नसतात. मागे केशरी सूर्य आणि डिकीवर पांढरा सपाट उजेड हा विसंवाद झाकण्यासाठी मग माणूस संपूर्ण फोटोवर उबदार रंगाचा थर देतो, आणि आपला लाल केशरट होतो तो मुख्यतः इथे. पुष्कळ साधने ‘जुळवून घेणे’ या नावाखाली हेच काम आपोआप करतात. ती सोय बंद ठेवावी. सावली कोणत्या बाजूला पडली आहे, तिची कड तीक्ष्ण आहे की विरलेली, आणि छत बाजूच्या पत्र्यापेक्षा किती उजळ आहे, या तीन गोष्टी मूळ फोटोत पाहिल्या की कोणते दृश्य चालेल ते ठरते.

रंगलेला पत्रा हा आरसा असतो, त्यामुळे दारावर शेजारच्या गाडीचे किंवा होर्डिंगचे प्रतिबिंब राहून जाते. ते मिटवण्यासाठी दार एआयकडून भरून घेण्याचा मोह होतो, पण तसे कदापि करू नये. त्या प्रतिबिंबाच्या वळणांतूनच पत्र्याचा आकार, आणि असेल तर डेंट, दिसत असतो. दार नव्याने भरले की डेंटही नाहीसा होतो आणि आपण ग्राहकाला न सांगता गाडी दुरुस्त करून दाखवलेली असते. होर्डिंगचा ठळक पांढरा डाग फारच खटकत असेल, तर फक्त उजळपणावर परिणाम करणाऱ्या वेगळ्या थरात तो थोडा मंद करावा, पण पत्र्यांच्या फटी, बॅज आणि ओरखडे यांना हात लावू नये. खरा उपाय फोटो काढण्यापूर्वीचा आहे. गाडीची जी बाजू दिसणार तिच्यासमोर मोकळी जागा किंवा साधी भिंत येईल अशी ती उभी करावी आणि शेजारची गाडी दोन गाळे पलीकडे हलवावी.

काचांकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश जाणे बंधनकारक आहे, त्यामुळे काचांमधून पलीकडचे जुने दृश्य स्पष्ट दिसते. बाहेर हिरवे डोंगर आणि मागच्या काचेतून टपरीची पिवळी पाटी, असा फोटो एका दृष्टिक्षेपात पकडला जातो. यासाठी काचेचा वेगळा मास्क करावा आणि त्यातून सीटची टेकणी, डोके टेकण्याच्या उशा, स्टिअरिंग आणि काचेवरची चकाकी वगळावी. उरलेल्या आरपार जागेत नव्या दृश्याचा तोच भाग, जो तिथे मागे असायला हवा, थोडा धूसर आणि अंधुक करून ठेवावा. दोन काचांमधून येणारा प्रकाश घटत असल्याने तो बाहेरच्या दृश्याच्या निम्म्याहूनही कमी उजळ ठेवला तरी चालतो. काचेवर मागच्या दिशेने पडलेले आकाशाचे प्रतिबिंब मात्र मूळचे राहू द्यावे. हे काम किचकट आहे, म्हणून फोटो घेतानाच पलीकडे गडद भिंत येईल अशी गाडी लावली तर बहुतेक वेळा काचेला हात लावावाच लागत नाही.

रंगाचा दुसरा शत्रू फारसा लक्षात येत नाही, तो म्हणजे रंगप्रोफाइल, अर्थात फोटोतले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी चिठ्ठी. आयफोन आणि अनेक नवे फोन फोटो `Display P3` या विस्तृत रंगव्याप्तीत साठवतात, तर वेबवरची चित्रे सहसा `sRGB` मध्ये असतात. एखाद्या साधनाने रूपांतर न करता प्रोफाइलची चिठ्ठी नुसती गाळली, तर तेच आकडे अरुंद व्याप्तीत वाचले जातात आणि लाल रंग फिका, मलूल होतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फोटो संपादनाच्या साधनात `sRGB` मध्ये रीतसर रूपांतरित करून पीएनजीमध्ये साठवावा आणि तीच प्रत ‘मूळ’ मानावी. मग गाडीवर तीन जागा निवडाव्यात, म्हणजे उजेडातला मागचा पत्रा, सावलीतले दार आणि बंपरचा कोपरा, आणि त्यांचे आकडे टिपून ठेवावेत. समजा, मागच्या पत्र्याचा मूळ आकडा लाल 178, हिरवा 22, निळा 30 असा आहे आणि एआयने परत दिलेल्या चित्रात तो 190, 48, 28 झाला. हिरवा वाढला आणि निळा जवळजवळ तसाच राहिला, म्हणजे रंग केशरीकडे सरकला. हिरवा न वाढता निळा वाढला असता तर तो गुलाबीकडे गेला असता. मूळ गाडी वर ठेवल्यावर हे आकडे तंतोतंत तेच यायला हवेत. तरीही हिरव्या डोंगरासमोर लाल अधिक भडक वाटतो. तो डोळ्यांचा धर्म आहे, शेजारच्या रंगामुळे तसे भासते. अशा वेळी गाडीला हात न लावता डोंगराची हिरवाई थोडी उतरवावी.

गाडी परत बसवण्याचे काम लेयर असलेल्या कोणत्याही संपादकात होते. गाड्या पुष्कळ असतील तर पायथॉनमधल्या पिलो या ग्रंथालयाने ते नेमके करता येते. `car.png` ही मूळ प्रत आणि `scene.png` हे नवे दृश्य आहे, तर `mask.png` मध्ये गाडी आणि राखलेली जमीन पांढरी धरली आहे:

```python
from PIL import Image

car = Image.open("car.png").convert("RGB")
mask = Image.open("mask.png").convert("L")
bg = Image.open("scene.png").convert("RGB")
bg = bg.resize(car.size, Image.LANCZOS)

out = Image.composite(car, bg, mask)
out.save("final.png", icc_profile=car.info.get("icc_profile"))
```

दृश्याचे गुणोत्तर गाडीच्या फोटोइतकेच, इथे चारास तीन, असायला हवे, म्हणजे 1024 बाय 768 चालेल. तसे नसेल तर मापात बसवताना दृश्य ताणले जाते.

त्यानंतर डोळ्यांवर विसंबू नये. मूळ आणि अंतिम चित्र एकावर एक ठेवून वरचा थर डिफरन्स पद्धतीवर टाकावा. जिथे दोन्ही चित्रे सारखी असतात तिथे शुद्ध काळे दिसते. इमेजमॅजिक या आज्ञा लिहून चालवायच्या साधनात मास्कपुरती हीच तपासणी अशी होते:

```
magick car.png final.png -compose difference -composite \
  mask.png -compose multiply -composite diff.png
```

`diff.png` मध्ये गाडीच्या आत काळ्याशिवाय काहीही दिसता कामा नये. फक्त कडेला बारीक राखाडी रेषा चालते, कारण तिथे मास्क मऊ आहे, आणि काचेचा भाग आपण स्वतः बदलला असेल तर तेवढा दिसेल. चित्र फार गडद असल्याने किरकोळ फरक नजरेतून सुटतात, म्हणून लेव्हल्स वापरून ते खूप उजळून पाहावे. बॅजच्या जागी अक्षरांची पुसट बाह्यरेषा दिसली, तर समजावे की गाडीचा थर कुठेतरी साधनातून जाऊन आला आहे किंवा एखाद्या पिक्सेलने सरकला आहे.

इतके करूनही शेवटच्या पायरीवर बॅज बिघडू शकतो. जेपीईजीमध्ये साठवताना बहुतेक साधने रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्म्यावर आणतात आणि फक्त उजळपणा पूर्ण तपशिलात ठेवतात. चंदेरी अक्षरांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लाल पत्र्यावरची काळी अक्षरे किंवा काळ्या जाळीवरचे लाल चिन्ह यांच्या कडांना रंग ओघळल्यासारखा दिसतो. साठवताना रंगाची ही कपात बंद करावी:

```
magick final.png -sampling-factor 4:4:4 -quality 92 final.jpg
```

आपण जिथे फोटो टाकणार, ते ठिकाण बहुधा तो पुन्हा दाबून लहान करते, आणि ते आपल्या हातात नसते. म्हणून त्या ठिकाणी फोटो किती रुंदीचा दाखवला जातो ते पाहून आधीच त्या मापाचा करून द्यावा. तसेच व्हॉट्सॲपवर ग्राहकाला पाठवताना साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

नंबर प्लेटबद्दल वेगळे सांगायला हवे. अक्षरे जिथे बिघडतात तिथे आकडेही बिघडतात, आणि एमएच 04 ची प्लेट दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचा नंबर होऊन बसली तर ती निव्वळ कुरूपता राहत नाही, तो घोटाळा ठरतो. प्लेट राखलेल्या भागातच असू द्यावी. नंबर झाकायचा असेल तर मूळ फोटोवर सपाट राखाडी पट्टी ठेवून झाकावा आणि मालिकेचा एमएच 04 किंवा एमएच 43 एवढा भाग हवा तर उघडा ठेवावा, कारण गाडी ठाण्याची की नवी मुंबईची हे ग्राहक विचारतोच. झाकण्याचे काम एआयकडे देऊ नये, ते कोरी प्लेट देण्याऐवजी नवा नंबर लिहून देऊ शकते.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात असू द्यावी. गाडीचा कोन बदलणे, चाके वळवणे, दिवे लावणे किंवा धावती गाडी दाखवणे यांपैकी काहीही मूळ पिक्सेल राखून होत नाही. तसा फोटो हवा असेल तर तो नव्याने घ्यावा लागतो. उभ्या गाडीमागे धावता रस्ता लावला तर स्थिर चाकांमुळे तो खोटा दिसतो, त्यामुळे उभ्या गाडीला उभ्या गाडीचेच दृश्य द्यावे. आणि जाहिरातीत बदललेल्या दृश्याच्या मुख्य फोटोबरोबर डिकीवरचा बॅज, एक अलॉय, ओडोमीटर आणि असतील ते ओरखडे यांचे जवळून घेतलेले, अजिबात न बदललेले फोटो टाकावेत, आणि मुख्य फोटोखाली ‘पार्श्वभूमी बदललेली आहे’ असे स्पष्ट लिहावे.